जुलै गेला कुठे?

वर्षाचे महिने बारा आणि अहवालात ओळी दहा. बेरीज मात्र रुपयापर्यंत बरोबर. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते, कारण आपण बेरीज तपासतो, ओळी मोजत नाही. बेरीज जुळली की कागद पुढे सरकतो.

उदाहरणासाठी सिंधुदुर्गातला एक घरगुती उद्योग डोळ्यांसमोर आणू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या, पुढे वर्षभर आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ आणि काजूगर असा माल. एक्सेलमध्ये साधी नोंदवही आहे: तारीख, गाव, माल, नग, रक्कम. २०२४-२५ या आर्थिक वर्षातली एकूण विक्री सहा लाख रुपये. एप्रिलमध्ये १,४०,०००, मेमध्ये १,६५,०००, जूनमध्ये ३०,०००. जुलैत मुसळधार पाऊस, प्रदर्शनं बंद, पर्यटक नाहीत, त्यामुळे एकही बिल फाटलं नाही. ऑगस्टमध्ये २५,०००, गणपतीमुळे सप्टेंबरमध्ये ५५,०००, दिवाळीच्या तयारीचे ऑक्टोबरमध्ये ६०,०००, नोव्हेंबरमध्ये ४०,०००, डिसेंबरमध्ये ३५,०००, जानेवारीत २०,०००. फेब्रुवारीत पुन्हा काही नाही, कारण जुना माल संपलेला आणि नवा आंबा अजून झाडावर. मार्चमध्ये ३०,०००.

या वहीवर पिव्होट टेबल केलं, तारीख ओळींत आणि रक्कम बेरजेत टाकली, की महिनावार तक्ता तयार होतो. त्यात जुलै आणि फेब्रुवारी नाहीत. त्यांच्यासमोर शून्य नाही, रेघ नाही, रिकामी जागाही नाही. जूनच्या खाली थेट ऑगस्ट. त्यावरून स्तंभालेख काढला, तर जूनचा ३०,००० चा खांब आणि ऑगस्टचा २५,००० चा खांब एकमेकांना खेटून उभे राहतात. पाहणाऱ्याला वाटतं, पावसाळ्यात विक्री जराशी उतरली, एवढंच. रेषालेख काढला तर आणखी वाईट. जूनच्या बिंदूपासून ऑगस्टच्या बिंदूपर्यंत सौम्य उताराची सरळ रेघ जाते. मधल्या महिन्यात गल्ला पूर्ण बंद होता, याची खूणही राहत नाही.

सरासरीचंही तेच. तक्त्यातल्या महिन्यांच्या आकड्यांवर `AVERAGE` लावलं की उत्तर येतं साठ हजार, कारण सहा लाखांना दहाने भागलं जातं. वर्षाचे महिने बारा, म्हणजे खरी मासिक सरासरी पन्नास हजार. खेळत्या भांडवलासाठी बँकेत जाताना महिन्याला साठ हजार सांगायचे आणि जुलैच्या हप्त्याला हात वर करायचे, हे कुणालाच परवडणारं नाही.

हा एक्सेलचा बिघाड म्हणावा का? नाही. पिव्होट टेबल वहीतल्या ओळी वाचतं, त्या रकान्यात कोणकोणत्या नोंदी सापडल्या त्यांची यादी करतं आणि प्रत्येकीसमोर बेरीज मांडतं. वर्षात बारा महिने असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शाळेतल्या हजेरीपटावर सगळी नावं आधीच लिहिलेली असतात, म्हणून गैरहजर मुलाच्या रकान्यात फुली पडते. पिव्होट टेबल मात्र दारातून आत येणाऱ्यांची नावं टिपून घेणाऱ्यासारखं. जो आलाच नाही त्याचं नाव त्याच्याकडे असणार कुठून? मोठ्या डेटाबेसमध्ये `GROUP BY` वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो आणि तेही महिन्यांची वेगळी यादी जोडूनच सुटका करून घेतात. पुढच्या सगळ्या उपायांचं सार एवढंच, की पूर्ण यादी कुठून तरी पुरवायची. ती कुठून पुरवायची, यावर उपायाची जात ठरते.

आधी तारीख तपासा

महिन्यांची यादी एक्सेलकडे स्वतःची असते, कारण तारखांचे महिन्यांनुसार गट पाडायला त्याला येतं. पण त्यासाठी तारीख खरोखरची तारीख असायला हवी. आपल्याकडे तारीख लिहिताना मध्ये टिंब देण्याची सवय जुनी आहे: १२.०८.२०२४. भारतीय मांडणीच्या संगणकावर एक्सेल याला सहसा तारीख मानत नाही, नुसता मजकूर मानतं. अशा तारखांचा गट पाडायला गेलं की `Cannot group that selection.` हा निरोप येतो आणि माणूस वैतागून तिथेच थांबतो.

ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याची मांडणी मुद्दाम बदललेली नसेल, तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. शंका असेल तर शेजारच्या चौकटीत `=ISNUMBER(A2)` लिहा. उत्तर `TRUE` आलं तर तारीख खरी. नसेल तर तो रकाना निवडून `Data` पट्टीवरच्या `Text to Columns` मध्ये जा, तिसऱ्या पायरीवर `Date` निवडून समोर `DMY` ठेवा आणि `Finish` दाबा.

याहून फसवा प्रकार अमेरिकी मांडणीच्या संगणकावर होतो. तिथे ५ जुलै या अर्थाने 05/07/2024 टाइप केलं की एक्सेल ती ७ मे समजतं. १३ जुलैसाठी 13/07/2024 टाइप केलं, तर तेरावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे एकाच महिन्यातली काही बिलं दुसऱ्याच महिन्यात जातात आणि उरलेली कुठेच जात नाहीत. तेव्हा एखादा महिना तक्त्यात नसला, तर त्या महिन्यात विक्री नव्हती असं लगेच मानू नका. मूळ वहीत त्या महिन्याची दोन-चार बिलं शोधून बघा. पावतीपुस्तकात बिलं असतील आणि तक्त्यात महिना नसेल, तर दोष तारखेचा आहे. अशा वेळी रिकामे महिने दाखवणारी सोय वापरली, तर चुकीवर शून्याचा शिक्का बसतो.

वहीच्या तळाशी कुणी हौसेने ‘एकूण’ अशी ओळ लिहिली असेल, तर पिव्होटला वही दाखवण्याआधी तीही काढून टाका. ती तारखेच्या रकान्यात मजकूर घुसवते आणि बेरीज दुप्पट करते.

एका खुणेचं काम

तारखा खऱ्या असतील, तर पुढचं काम थोडक्यात होतं. पिव्होटमधल्या कोणत्याही तारखेवर उजवं बटण दाबून `Group` निवडा आणि `Months` ठेवा. एक्सेल २०१६ पासून पुढच्या आवृत्त्या तारीख ओढताक्षणीच आपणहून गट पाडतात. मग एखाद्या महिन्याच्या नावावर उजवं बटण, `Field Settings`, त्यातलं `Layout & Print` हे पान आणि तिथे `Show items with no data` या चौकटीत खूण. `OK` म्हटलं की जुलै आणि फेब्रुवारी आपापल्या जागी हजर. आलेखातही त्यांच्या नावाची जागा धरली जाते. खांब नसतो, पण खांबाची जागा असते, आणि वाचणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

गट न पाडता, सुट्या तारखांवरच ही खूण केली तर काहीच घडत नाही. एक्सेलकडे महिन्यांची यादी आहे ती गटामुळे, सुट्या तारखांची अशी कोणतीही यादी त्याच्याकडे नाही. ‘मी खूण केली तरी महिने येत नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

खूण केल्यावर दोन अनोळखी ओळीही येतात. एकीच्या आधी `<` हे चिन्ह आणि एक तारीख, दुसरीच्या आधी `>` आणि एक तारीख. वहीतल्या पहिल्या तारखेच्या आधीचं आणि शेवटच्या तारखेच्या नंतरचं जे काही असेल, त्याचे हे कप्पे. ते नेहमी रिकामेच असतात. ओळींच्या शीर्षकावरच्या बाणातून यादी उघडून त्या दोघींच्या खुणा काढल्या की त्या जातात. रिकाम्या चौकटीत शून्य दिसायला हवं असेल, तर पिव्होटवर उजवं बटण, `PivotTable Options`, `Layout & Format` आणि `For empty cells show` समोर 0.

मासिक सरासरी काढायची असेल तर इथेही सावध राहा. `AVERAGE` रिकाम्या चौकटी मोजतच नाही. जुलै दिसू लागला म्हणून उत्तर आपोआप पन्नास हजारांवर येईल या भरवशावर राहण्यापेक्षा एकूण रकमेला सरळ बाराने भागा.

आता आपल्याकडची खास अडचण. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि एक्सेलच्या गटातले महिने जानेवारीपासून सुरू होतात. त्यामुळे तक्त्यात सगळ्यात वर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च येतात, जे खरं तर वर्षाचे शेवटचे महिने आहेत. एकाच आर्थिक वर्षाचा तक्ता असेल तर हे तीन महिने माउसने धरून खाली ओढता येतात आणि काम भागतं. पण मग माणसाला वाटतं, त्यापेक्षा वर्षच सोबत घेऊ. `Years` आणि `Months` दोन्ही ओळींत ठेवले की `Show items with no data` ची खूण प्रत्येक वर्षाखाली बाराही महिने पसरवते. २०२४ खाली जानेवारी ते मार्च रिकामे, २०२५ खाली एप्रिल ते डिसेंबर रिकामे. बाराच्या चोवीस ओळी होतात आणि त्यातल्या निम्म्या आपल्या हिशेबाच्याच नसतात. `Quarters` ठेवलं असेल तर प्रत्येक तिमाहीखालीही बारा महिने येतात, जे वाचताना हसू येतं. एक्सेल दोन कॅलेंडर वर्षांत पसरलेल्या तारखांवर वर्ष आणि तिमाही आपणहून टाकतं, म्हणून आधी ते दोन्ही ओळींतून बाहेर काढा.

फक्त महिने ठेवले, तर धोका उलट बाजूने येतो. वहीत पुढच्या वर्षाची बिलं आली की एप्रिल २०२४ आणि एप्रिल २०२५ यांची बेरीज एकाच ‘एप्रिल’ मध्ये जमा होते. तक्ता बारा ओळींचा, नीटनेटका आणि चुकीचा. म्हणून हा उपाय एका वर्षाच्या, एका वहीच्या हिशेबापुरताच ठेवावा असं माझं मत आहे.

न विकलेला माल

महिन्यांची निदान एक्सेलकडे उपजत यादी आहे. मालाची तशी यादी कुणाकडेच नाही, म्हणून तिथे प्रश्न जास्त नाजूक होतो. अनुपस्थिती दोन प्रकारची असते, हे इथे लक्षात घ्यावं लागतं.

पहिला प्रकार असा. कोकम आगळ कणकवलीत खपतं, पण मालवणात वर्षभरात एकही बाटली गेली नाही. पिव्होटवर गावाची चाळणी लावून मालवण निवडलं की कोकम आगळ तक्त्यातून आणि आलेखातून गायब होतं आणि उरलेले खांब सरकून त्याची जागा घेतात. कणकवलीच्या आलेखात तिसरा खांब कोकम आगळाचा असतो, मालवणच्या आलेखात तिसरा खांब फणसपोळीचा. दोन्ही आलेख एका पानावर शेजारी छापले, तर वाचणारा तिसऱ्या खांबाची तिसऱ्याशी तुलना करणार आणि फसणार. यावर मघाचाच उपाय चालतो. मालाच्या नावावर उजवं बटण, `Field Settings`, `Layout & Print`, तीच खूण. कोकम आगळाचं नाव वहीत इतरत्र आहे, एवढं पिव्होटला पुरतं. सगळ्या गावांच्या आलेखांत मालाचा क्रम आणि जागा एकच राहते.

दुसरा प्रकार निराळा. या वर्षी जांभळाचं सरबत नव्याने केलं, बाटल्या भरल्या, लेबलं छापली, पण एकही बाटली विकली गेली नाही. विक्रीच्या वहीत जांभूळ सरबताचं नावच नाही. आता हवी तेवढी खूण करा, ते येणार नाही. आणि वर्षअखेरीला बघायची सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच असते. जे विकलं गेलं ते गल्ला सांगतोच, जे पडून राहिलं त्याचा अहवाल पाहिजे.

इथे अनेक जण वहीतच खोटी ओळ घालतात. वर्षातली कुठलीतरी तारीख, माल जांभूळ सरबत, रक्कम शून्य. नाव पिव्होटमध्ये येतं, बेरीज बिघडत नाही, काम झालं असं वाटतं. पण त्याच पिव्होटमध्ये कुणी बिलांची संख्या मोजली तर एक बिल जास्त निघतं. दर बिलामागची सरासरी काढली तर शून्यामुळे ती खाली येते. रकमेची चौकट कोरी ठेवली तर सरासरी वाचते, पण रकान्यात कोरी चौकट दिसली की एक्सेलच्या जुन्या आवृत्त्या बेरजेऐवजी नुसती मोजणी करू लागतात आणि `Count` बदलून `Sum` करत बसावं लागतं. शिवाय वर्षभराने हिशेब तपासणारा माणूस शून्य रुपयाच्या बिलावर बोट ठेवून विचारणार, हे काय? मी तरी मूळ नोंदवहीत न घडलेला व्यवहार लिहिणार नाही. नोंदवहीत घडलेलं असावं, काय घडायला हवं होतं याची यादी वेगळी असावी.

ही खूण करताना आणखी एक भानगड उघडी पडते. वहीत कधी ‘आंबापोळी’ आणि कधी ‘आंबा पोळी’ लिहिलं असेल, तर पिव्होटला ते दोन वेगळे माल वाटतात. ते तुम्ही शोधून दुरुस्त केलंत, `Refresh` दाबलंत, तरी रिकाम्या नोंदी दाखवायची खूण चालू असेल तर ‘आंबा पोळी’ आलेखात रिकाम्या खांबाच्या रूपाने उभीच राहते. पिव्होट जुन्या नोंदींची नावं स्वतःच्या साठ्यात धरून ठेवतं. `PivotTable Options` मधल्या `Data` पानावर `Number of items to retain per field` असं लिहिलेलं सापडेल. तिथे `None` निवडून पुन्हा `Refresh` केलं की ही भुतं जातात.

बारा ओळींचा सांगाडा

छोट्या उद्योगासाठी मला सगळ्यात खात्रीचा वाटतो तो उपाय पिव्होटच्या बाहेरचा आहे. महिन्यांची यादी आपणच लिहायची आणि प्रत्येक महिन्यासमोर त्याची विक्री मोजून आणायची. एक्सेलच्या सोयीवर अवलंबून राहायचं नाही. नोंदवहीला आधी `Ctrl+T` ने टेबलाचं रूप द्या आणि त्याचं नाव `Sales` ठेवा. रकान्यांची नावं `Date`, `Item` आणि `Amount` आहेत असं धरू. नव्या पानावर पहिल्या ओळीत शीर्षकं आणि दुसऱ्या ओळीपासून हे लिहा:

```
A2:  =DATE(2024,4,1)
A3:  =EDATE(A2,1)
B2:  =SUMIFS(Sales[Amount],
       Sales[Date],">="&A2,
       Sales[Date],"<"&EDATE(A2,1))
```

A3 मधलं सूत्र A13 पर्यंत आणि B2 मधलं B13 पर्यंत खाली ओढा. A3 मध्ये 45413 असा चमत्कारिक आकडा दिसला तर घाबरू नका. एक्सेलच्या पोटात तारीख अशीच मोजलेल्या दिवसांच्या रूपात असते आणि हा १ मे २०२४ आहे. त्या रकान्याला `mmm-yy` ही मांडणी दिली की महिने वाचता येतील. B2 मधलं सूत्र सांगतं ते असं: या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या अलीकडे जेवढी बिलं आहेत, त्यांच्या रकमा मिळव. जुलैत एकही बिल नाही, म्हणून उत्तर शून्य येतं, आणि ते खरंखुरं शून्य असतं. या पानावर `AVERAGE` लावलं की पन्नास हजार येतात. एप्रिलपासून मार्चपर्यंतचा क्रम आपल्या हातात, वर्षांची सरमिसळ नाही, `<` आणि `>` वाले पाहुणे नाहीत.

मालासाठीही तेच. पहिल्या ओळीत C1 पासून पुढे आपल्या घरात बनणाऱ्या प्रत्येक मालाचं नाव लिहा, जांभूळ सरबत धरून, आणि C2 मध्ये त्याच सूत्रात एक अट वाढवा:

```
=SUMIFS(Sales[Amount],
   Sales[Item],C$1,
   Sales[Date],">="&$A2,
   Sales[Date],"<"&EDATE($A2,1))
```

हे सूत्र मात्र माउसने आडवं ओढू नका, कारण तसं केल्यावर `Sales[Amount]` सारखी टेबलातल्या रकान्यांची नावंही शेजारच्या रकान्यावर सरकतात. C2 कॉपी करून बाकीच्या चौकटी निवडा आणि पेस्ट करा. जांभूळ सरबताच्या रकान्यात बारा शून्यं उभी राहतील.

या मार्गाला एक मर्यादा आहे. यादीत नाव नसलेला माल इथे मोजलाच जात नाही. वहीत कुणी ‘आंबा पोळी’ लिहिली, तर ती रक्कम मालाच्या कुठल्याच रकान्यात येणार नाही. पिव्होट न आलेल्याला विसरतं, सांगाडा बिनबोलावलेल्याला विसरतो. म्हणून मालाच्या रकान्यांची एकूण बेरीज B रकान्याच्या बेरजेशी जुळते का, हे एका चौकटीत कायम तपासत ठेवा. फरक शून्य नसेल तर नावात घोळ आहे.

वही मोठी असेल, पाच-सहा गावं, अनेक वर्षं, शेकडो प्रकारचा माल, तर सूत्रांचं हे जाळं जड होतं. तिथे पिव्होट करतानाच `Add this data to the Data Model` वर खूण करून, विक्रीच्या टेबलाला तारखांचं आणि मालाचं अशी दोन वेगळी टेबलं जोडतात. तारखांच्या टेबलात वर्षातला प्रत्येक दिवस आणि त्यासमोर ‘एप्रिल २०२४’ अशी वर्षासकट महिन्याची खूणगाठ, मालाच्या टेबलात सगळ्या मालाची नावं. मग पिव्होटच्या ओळींत महिना तारखांच्या टेबलातून घ्यायचा, माल मालाच्या टेबलातून, फक्त रक्कम विक्रीच्या टेबलातून. अशा पिव्होटमध्ये मघाची `Field Settings` मधली चौकट फिकी होऊन बंद पडलेली दिसते आणि लोक गोंधळतात. तिची जागा बदललेली असते: `PivotTable Options`, `Display` हे पान आणि `Show items with no data on rows`. रोज हिशेब लिहिणाऱ्या काकूंसाठी हे नाही, पण लेखापालाला माहीत असलं पाहिजे.

शून्य लिहायचं की जागा कोरी ठेवायची, याचा निर्णय एक्सेल करू शकत नाही. जुलैत दुकान उघडं होतं आणि काही विकलं गेलं नाही, तर शून्य. जुलैचं पावतीपुस्तक भिजून गेलं, तर शून्य लिहिणं खोटं आहे. तिथे चौकट कोरी आणि आलेखाखाली एक ओळ हवी. न आलेल्या महिन्यांचंही तसंच. डिसेंबरमध्ये बसून वर्षाचा आलेख काढला, तर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च शून्यावर दिसतात आणि धंदा बुडाल्यासारखा वाटतो. त्यासाठी आलेखापुरता एक वेगळा रकाना ठेवून त्यात हे लिहा:

```
=IF(A2>TODAY(),NA(),B2)
```

पुढच्या महिन्यांसमोर `#N/A` येतं, आलेख तिथे खांब काढत नाही, पण महिन्याचं नाव मात्र ठेवतो. बेरीज आणि सरासरी या रकान्यावर करू नका, `#N/A` मुळे तीही `#N/A` होते.

खऱ्या शून्याच्या महिन्यात खांबाच्या जागी ‘०’ हा आकडा दिसू द्यावा, असं मी सुचवेन. सजावटीसाठी तो लपवणारे पुष्कळ असतात. पण आकडा लपवला की ती रिकामी जागा छपाईतली चूक वाटते. तिथे शून्य लिहिलेलं असलं की प्रश्न विचारला जातो आणि उत्तरही देता येतं: पाऊस होता, प्रदर्शन नव्हतं.

नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की A2 मधलं 2024 बदलून 2025 करा. बाकीचे अकरा महिने आणि सगळे आकडे आपोआप बदलतात. पान दरवर्षी नव्याने आखावं लागत नाही.